बिझनेस प्लॅन घेण्याआधी विक्रेत्याला ईमेल: नेमके किती युजर, किती प्रोजेक्ट हे कसं विचारावं?

वैदेही_ऑफिस
कामांची नोंद ठेवणारं एक ऑनलाइन सॉफ्टवेअर वर्षाच्या करारावर घ्यायचं ठरतंय. किमतीच्या पानावर बिझनेस प्लॅनखाली "२५ युजर, ५० प्रोजेक्ट" एवढीच ओळ आहे. आमची मोजणी अशी: पूर्णवेळ माणसं १८, अर्धवेळ ४, आपलं काम कुठवर आलं हे बघायला येणारे ग्राहक ९. शिवाय दोन खाती माणसांची नाहीत. एक हिशेबाच्या सॉफ्टवेअरला जोडलेलं, दुसरं रोजचा अहवाल आपोआप काढणारं. प्रोजेक्ट म्हणाल तर चालू ३१, संपवून अर्काइव्हमध्ये ठेवलेले ६४ आणि टेम्प्लेट ५.

विक्रेत्याला असं लिहिणार आहे: "तुमच्या बिझनेस प्लॅनमध्ये नेमके किती युजर आणि किती प्रोजेक्ट चालतात, कृपया कळवा." एवढं पुरेल का?

चटपट
पुरेल की. आणि घाबरायचं कारण नाही. २५ युजर म्हणजे एका वेळी २५ जण लॉगिन. तुमचे ग्राहक काही सगळे एकदम येत नाहीत, अर्धवेळवाले संध्याकाळी येतात. ४० माणसं असली तरी २५ मध्ये भागतं.

करारवाचक
चटपट म्हणतात तशी मोजणी खरोखर असते, पण ती प्रामुख्याने अभियांत्रिकी आरेखनाच्या किंवा जुन्या धाटणीच्या सॉफ्टवेअरमध्ये, जिथे लायसन्स सर्व्हर बसवलेला असतो. एकाने बंद केलं की त्याची जागा दुसऱ्याला मिळते. महिन्याच्या किंवा वर्षाच्या वर्गणीवर चालणाऱ्या ऑनलाइन साधनांत बहुतेक वेळा नावावर मोजतात. खातं उघडलं की जागा गेली, मग तो माणूस वर्षातून एकदा आला तरी. त्यामुळे "एका वेळी" हे गृहीत धरून खरेदी करू नका. पानावर तसं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर नावावरची मोजणी आहे असंच समजून चाला, आणि तरीही विचारा.

वैदेही, तुमच्या ईमेलला "२५ युजर, ५० प्रोजेक्ट" हेच उत्तर येईल. ते तर तुम्हाला आधीच माहीत आहे. आकडा कळलेला आहे, तो कशाचा आहे ते कळलेलं नाही. तुमचेच आकडे घेऊन बघा. फक्त कर्मचारी मोजले तर २२, म्हणजे तीन जागा शिल्लक. ग्राहकही मोजले तर ३१, सहा कमी पडतात. दोन यंत्रखातीही मोजली तर ३३. ओळ तीच, पण एका अर्थाने प्लॅन पुरतो आणि दुसऱ्या अर्थाने आठ जागा जास्तीच्या घ्याव्या लागतात. म्हणून प्रश्न "किती" असा न विचारता "यातलं कोण मोजलं जातं" असा विचारायचा.

नवीन_भरती
युजर वाढवायचे असतील तर सेटिंगमध्ये जाऊन मेंबर्सवर क्लिक करा, तिथे इन्व्हाइटचं बटन असतं. ईमेल टाकला की झालं. आणि जागा कमी पडल्या तर चारही अर्धवेळवाल्यांना एकच लॉगिन द्या, काही बिघडत नाही.

करारवाचक
युजर कसे जोडायचे हा प्रश्नच नाही इथे, प्लॅन अजून घेतलेला नाही. एक लॉगिन चौघांत वाटण्याबद्दल मात्र बोलायला हवं, कारण हा सल्ला फार ठिकाणी दिला जातो. सेवाशर्तींत बहुधा त्याला स्पष्ट मनाई असते आणि खातं बंद करण्याचा अधिकार विक्रेत्याने राखून ठेवलेला असतो. त्याहून रोजचा त्रास म्हणजे कोणी काय बदललं याची नोंद निरुपयोगी होते. चौघांचं काम एकाच नावाखाली दिसतं, सूचना एकाच ईमेलवर जातात, आणि दोन टप्प्यांचं लॉगिन चालू केलं की कोड एकाच्याच फोनवर येतो.

तुम्ही बटनाबद्दल लिहिलंत त्यातून एक कामाची गोष्ट निघते. आमंत्रण पाठवलं पण समोरच्याने अजून स्वीकारलं नाही, तरी काही साधनांत त्याच क्षणी जागा अडते. दहा चुकीच्या पत्त्यांवर आमंत्रणं गेली तर दहा जागा भरलेल्या दिसतात. हेही ईमेलमध्ये विचारायचं.

माहिती_साठवण
युजरपेक्षा प्रोजेक्टची मर्यादा जास्त फसवी असते, कारण माणसं सोडून जातात पण जुने प्रोजेक्ट कोणी काढत नाही. वैदेहींच्या ५० च्या मर्यादेत काय काय बसतं? फक्त चालू मोजले तर ३१. टेम्प्लेटही प्रोजेक्ट म्हणून मोजत असतील तर ३६. अर्काइव्हही मोजत असतील तर थेट १००, म्हणजे पहिल्याच दिवशी दुप्पट.

टेम्प्लेट मोजले जाण्याचं कारण साधं आहे. अनेक साधनांत टेम्प्लेट हा वेगळा प्रकार नसतोच, तो एक नेहमीचा प्रोजेक्ट असतो आणि त्याच्यावर "टेम्प्लेट" अशी खूण असते. खाते उघडताना आलेला नमुना प्रोजेक्टही असाच मोजणीत बसलेला सापडतो. कचरापेटीचंही तेच. काढून टाकलेला प्रोजेक्ट ठरावीक दिवस परत आणता येतो, आणि काही ठिकाणी तेवढे दिवस तो मोजला जातो.

अर्काइव्ह मोजत नसतील तरी एक पुढचा प्रश्न राहतो. मर्यादा भरलेली असताना अर्काइव्हमधला प्रोजेक्ट परत चालू करता येतो का? बहुधा नाही, कारण परत चालू करणं म्हणजे नवा उघडण्यासारखंच. जुन्या ग्राहकाने तक्रार केली आणि त्याचं काम पुन्हा उघडायचं असेल तेव्हा हे आठवतं.

वैदेही, महिन्याला किती नवे उघडता आणि किती बंद करता?

वैदेही_ऑफिस
साधारण चार उघडतात, तीन संपतात.

माहिती_साठवण
मग वर्षाचं गणित करून ठेवा. वर्षात ४८ नवे, ३६ संपलेले. वर्षअखेर चालू ४३, अर्काइव्हमध्ये १००, टेम्प्लेट ५, एकूण १४८. फक्त चालू मोजले तर ५० मध्ये राहता. चालू आणि टेम्प्लेट मिळून मोजले तर ४८, म्हणजे दोनच शिल्लक. हे आकडे ईमेलमध्ये टाकायला संकोच करू नका. आजचाच आकडा दिलात तर आजपुरतं उत्तर येतं.

मदतकक्ष_जुना
अशा ईमेलांना उत्तरं देणाऱ्या बाजूने थोडं. विक्रीच्या माणसाकडे लांब परिच्छेद आला की तो पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो आणि फोनवर बोलू म्हणतो. प्रश्नांना क्रमांक द्या आणि प्रत्येक प्रश्न "हो", "नाही" किंवा एका आकड्यात सुटेल असा ठेवा. क्रमांक असले की उत्तर देणारा ओळीखाली ओळ लिहितो, आणि कुठला प्रश्न सुटला ते लगेच दिसतं.

दुसरं, प्लॅनचं पूर्ण नाव लिहा. महिन्याच्या आणि वर्षाच्या बिझनेस प्लॅनच्या मर्यादा कधी कधी वेगळ्या असतात. पान कुठल्या तारखेला पाहिलं तेही लिहा आणि त्याचा स्क्रीनशॉट जोडा. पान बदलतं, स्क्रीनशॉट बदलत नाही.

आणि "अमर्यादित" हा शब्द कुठे असेल तर त्याला सोडू नका. त्याच्याशेजारी छोटी तारका असते आणि खाली वाजवी वापराच्या धोरणाचा दुवा. तो वाजवीपणा आकड्यात कुठे सुरू होतो ते विचारायचं. आकडा नाही म्हणाले तर किती वापर झाला की त्यांच्याकडून विचारणा येते ते विचारा, ते त्यांना माहीत असतं.

करारवाचक
वरचं सगळं धरून मसुदा देतो. वैदेहींनी आपल्या नावाने पाठवावा. "प्लॅन" हा शब्द विषयात ठेवला आहे म्हणजे ईमेल योग्य माणसाकडे वळतो.

विषय: वार्षिक बिझनेस प्लॅन: खरेदीपूर्वी युजर व प्रोजेक्ट मोजणीबद्दल ७ प्रश्न

नमस्कार,

आम्ही तुमचा वार्षिक बिझनेस प्लॅन घेण्याच्या विचारात आहोत. आपल्या किमतीच्या पानावर "२५ युजर, ५० प्रोजेक्ट" असं लिहिलं आहे, आज घेतलेला स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे. आमच्याकडे कर्मचारी २२, फक्त पाहणारे ग्राहक ९ आणि इतर सॉफ्टवेअर जोडणारी २ खाती आहेत. प्रोजेक्ट चालू ३१, अर्काइव्ह ६४, टेम्प्लेट ५ आहेत. वर्षअखेर ते अनुक्रमे ४३, १०० आणि ५ होतील. त्या आधारावर खालील प्रश्नांची क्रमांकानुसार उत्तरं हवी आहेत.

१. २५ ही मर्यादा नावावरच्या खात्यांची आहे की एका वेळी लॉगिन असलेल्यांची?

२. पुढीलपैकी कोण कोण २५ मध्ये मोजलं जातं: फक्त पाहणारा ग्राहक, टिप्पणी लिहिणारा ग्राहक, न स्वीकारलेलं आमंत्रण, निष्क्रिय केलेलं खातं, इतर सॉफ्टवेअर जोडणारं एपीआयसाठीचं खातं?

३. पुढीलपैकी काय ५० मध्ये मोजलं जातं: अर्काइव्ह, टेम्प्लेट, उपप्रोजेक्ट, कचरापेटीतला प्रोजेक्ट?

४. ५० ही मर्यादा संपूर्ण खात्याला आहे की प्रत्येक वर्कस्पेसला?

५. २६ वा युजर किंवा ५१ वा प्रोजेक्ट जोडताना नेमकं काय घडतं: अडवलं जातं, आपोआप जादा बिल लागतं, की वरच्या प्लॅनवर नेलं जातं?

६. वर्षाच्या मध्यात जागा वाढवली तर उरलेल्या काळाचेच पैसे लागतात का? कमी करायची झाल्यास नूतनीकरणापर्यंत थांबावं लागतं का?

७. वरील मर्यादा आमच्या कराराच्या काळात बदलणार नाहीत हे ऑर्डर फॉर्ममध्ये लिहून मिळेल का?

आमच्या वरील आकड्यांना बिझनेस प्लॅन पुरतो का, आणि पुरत नसेल तर किती जागा कमी पडतात, हेही कृपया आकड्यात कळवा.

धन्यवाद.

दुसऱ्या प्रश्नात "पाहणारा" आणि "टिप्पणी लिहिणारा" हे मुद्दाम वेगळे केले आहेत. पाहुणे मोफत असं पानावर लिहिणारी बरीच साधनं पाहुण्याला लिहायची मुभा दिली की त्याला पूर्ण जागा धरतात.

दहा_टक्के
पाचवा प्रश्न छान आहे, पण "आपोआप जादा बिल" यावर आणखी जोर हवा. मर्यादा अडवणारी असेल तर काम थांबतं आणि चूक लगेच कळते. बिल वाढवणारी असेल तर कोणालाच काही कळत नाही, महिनाअखेर पावती येते. कुठला कर्मचारी आमंत्रण पाठवू शकतो ते पाहा. सगळ्यांना ती मुभा असेल तर आमंत्रणाचा अधिकार ॲडमिनपुरताच ठेवता येतो का, हे पाचव्या प्रश्नातच जोडा.

संस्था_१४०
आमचा प्रश्न थोडा वेगळा आहे. आमच्याकडे प्रत्येकाला आपल्या एकाच लॉगिनने सगळी सॉफ्टवेअर उघडता येतील अशी व्यवस्था आहे, त्यात १४० जण आहेत. हे सॉफ्टवेअर वापरणार फक्त २०. मग आम्हाला २० चा प्लॅन पुरेल ना?

करारवाचक
पुरेलच असं नाही. तुमची लॉगिन व्यवस्था या सॉफ्टवेअरला कशी जोडता यावर अवलंबून आहे. दोन पद्धती सापडतात. एकीत तुमच्या यादीतल्या गटातली माणसं आधीच सॉफ्टवेअरमध्ये उतरवली जातात. गट चुकून "सर्व कर्मचारी" असा निवडला तर १४० खाती तयार होतात. दुसरीत माणूस पहिल्यांदा आत येतो तेव्हा त्याचं खातं तयार होतं, म्हणजे कुतूहलाने दुवा उघडणाराही जागा घेतो. म्हणून २० जणांचाच वेगळा गट करा, जोडणी फक्त त्याच गटाला द्या. विक्रेत्याला विचारा: जागा संपल्यावर २१ वा माणूस आत आला तर त्याला अडवता की बिल वाढवता. आणि ही जोडणी बिझनेस प्लॅनमध्ये येते का तेही, कारण अनेकदा ती वरच्या प्लॅनमध्ये असते.

चटपट
एवढं विचारण्यापेक्षा १४ दिवसांची चाचणी घ्या आणि स्वतः बघा.

माहिती_साठवण
चाचणी घ्याच, पण एक खाच आहे. चाचणीत बहुधा सर्वांत वरच्या प्लॅनच्या सोयी उघड्या असतात, म्हणून मर्यादा लागतच नाही आणि सगळं छान चालतं. विक्रेत्याला सांगून चाचणीचं खातं बिझनेस प्लॅनवर ठेवून घ्या. मग बिलिंगच्या पानावरचा मोजणीचा आकडा बघा. एक आमंत्रण पाठवा आणि न स्वीकारताच आकडा वाढतो का पाहा. एक प्रोजेक्ट अर्काइव्ह करा, आकडा कमी होतो का पाहा. एक प्रोजेक्ट कचरापेटीत टाका, पुन्हा पाहा. पाहुण्याला फक्त बघायची मुभा देऊन जोडा, मग टिप्पणीची मुभा द्या. सगळं मिळून अर्धा तास. आकडा लगेच बदलला नाही तर दुसऱ्या दिवशी बघा, काही ठिकाणी तो दिवसातून एकदाच ताजा होतो. दरवेळी स्क्रीनशॉट ठेवा.

वैदेही_ऑफिस
ईमेल पाठवला. पहिलं उत्तर: "आपल्या आकाराच्या संस्थांसाठी बिझनेस प्लॅन उत्तम आहे, बुधवारी फोनवर बोलूया."

मदतकक्ष_जुना
फोनला नाही म्हणू नका, पण फोनच्या आधी एवढंच उत्तर द्या: "धन्यवाद, बुधवारी बोलू. तोवर प्रश्न १ ते ७ ची लेखी उत्तरं पाठवलीत तर फोन लवकर संपेल." फोननंतर त्याच दिवशी तुम्ही जे ऐकलंत ते क्रमांकानुसार लिहून "हे बरोबर आहे का" असं विचारून पाठवा. "हो" असं एका ओळीचं उत्तर आलं तरी ते लेखी झालं.

वैदेही_ऑफिस
लेखी उत्तरं आली. मोजणी नावावर. न स्वीकारलेलं आमंत्रण मोजलं जातं, निष्क्रिय खातं मोजलं जात नाही. फक्त पाहणारा पाहुणा मोफत, टिप्पणी लिहिली की तो युजर. एपीआयसाठी टोकन, म्हणजे लॉगिनऐवजी सॉफ्टवेअरला दिलेली किल्ली, वापरलं तर जागा लागत नाही, माणसाच्या लॉगिनने जोडलं तर लागते. अर्काइव्ह मोजत नाहीत, टेम्प्लेट मोजतात, कचरापेटी ३० दिवस मोजतात. ५० ही मर्यादा संपूर्ण खात्याला. २६ व्या युजरला अडवतात, ५१ व्या प्रोजेक्टलाही. जागा वर्षाच्या मध्यात वाढवता येतात, उरलेल्या काळाचे पैसे. कमी करता येतात फक्त नूतनीकरणावेळी.

करारवाचक
म्हणजे चित्र असं आहे. ग्राहक फक्त बघणार असतील आणि दोन्ही यंत्रखाती टोकनवर असतील तर २२ जागा, तीन शिल्लक. नऊही ग्राहकांना मसुद्यावर टिप्पणी लिहायची असेल तर ३१, सहा जागा जास्त. तुमचे ग्राहक टिप्पणी लिहितात का हा आता खरा प्रश्न आहे. लिहीत असतील तर दोन मार्ग: सहा जागा घ्या, किंवा टिप्पणी ईमेलवर मागवून एका कर्मचाऱ्याने नोंदवायची. दुसऱ्याने कोण काय म्हणालं ही नोंद ग्राहकाच्या नावावर राहत नाही, ते पटतं का बघा.

प्रोजेक्टचं म्हणाल तर आज ३१ आणि ५ मिळून ३६. महिन्याला एक वाढ धरली तर १४ व्या महिन्यात ५० भरतात. संपलेला प्रोजेक्ट कचरापेटीत न टाकता अर्काइव्हच करायचा, नाहीतर तो ३० दिवस जागा धरून बसेल. नूतनीकरणाच्या वेळी तुम्ही ४८ वर असाल, म्हणजे दुसऱ्या वर्षी दोन महिन्यांत अडणार. आताच विचारून ठेवा की ५० च्या पुढे प्रोजेक्टची मर्यादा एकटीच वाढवून मिळते का, की वरचा प्लॅनच घ्यावा लागतो.

दहा_टक्के
आणि हे सगळं ऑर्डर फॉर्मवर आणा. ईमेलवर विसंबू नका. करारात "यापूर्वीचं सर्व बोलणं या कराराने रद्द समजावं" अशा अर्थाचं कलम असतं, मग ईमेलचा उपयोग होत नाही.

मदतकक्ष_जुना
उपयोगच नाही असं नाही. लेखी उत्तर दाखवलं की विक्री विभाग बहुधा माघार घेतो, आपल्याच माणसाने लिहिलेलं असतं.

दहा_टक्के
माघार घेणं हा त्यांचा चांगुलपणा झाला, हक्क नाही झाला. तो माणूस नोकरी सोडून गेला तर?

करारवाचक
यात दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर आहे, आणि कलम नेमकं कसं लिहिलंय ते वाचल्याशिवाय निकाल लागत नाही. वैदेही, ऑर्डर फॉर्ममध्ये तीन ओळी मागा: फक्त पाहणारे पाहुणे युजर मर्यादेत धरले जाणार नाहीत, अर्काइव्ह केलेले प्रोजेक्ट ५० मध्ये धरले जाणार नाहीत, आणि कराराच्या काळात ही मोजणी बदलणार नाही. नाही म्हणाले तर निदान "दिनांक अमुकचा ईमेल परिशिष्ट म्हणून जोडला आहे" असं लिहून घ्या.

वैदेही_ऑफिस
पहिल्या दोन ओळी द्यायला तयार आहेत. तिसरीवर "आमचं धोरण बदलू शकतं" म्हणतात. आणि ग्राहकांपैकी चौघं टिप्पणी लिहितात, पाच फक्त बघतात, हे आज कळलं. म्हणजे २२ आणि ४, २६.

चटपट
एकाने कमी!

माहिती_साठवण
चौघांपैकी दोघं एकाच कंपनीतले असतील तर त्यांच्या टिप्पण्या एकाच माणसाकडून येऊ शकतात का ते विचारून बघा, २५ होतात. पण मग एकही जागा शिल्लक राहत नाही, आणि अडकलेलं आमंत्रणही मोजतात हे विसरू नका. एखादा पत्ता चुकीचा टाकला तरी नवा माणूस आत येणार नाही, जुनं आमंत्रण रद्द करेपर्यंत.

करारवाचक
तिसऱ्या ओळीसाठी एवढं मागून बघा: धोरण बदललं तर ते आमच्या पुढच्या नूतनीकरणापासून लागू होईल, मधूनच नाही. बरेच विक्रेते हे मान्य करतात, कारण त्यात त्यांचं काही जात नाही. मान्य झालं तर सही करा. नाही झालं तर महिन्याच्या करारावर सुरुवात करायची का, ते त्यांच्या महिन्याच्या प्लॅनच्या मर्यादा वेगळ्या आहेत का हे कळल्यावर ठरवा.

वैदेही_ऑफिस
ती ओळ पाठवली आहे. महिन्याच्या प्लॅनचंही त्याच ईमेलमध्ये विचारलं. उत्तर आलं की इथेच टाकते.